ताणाने पाळी लांबते, पण तिचा कोणता भाग लांबतो?

प्रश्न: वय २९, चिपळूणजवळ राहते, पतपेढीत नोकरी. मिस्टर पनवेलला, शनिवार-रविवार घरी येतात. वर्षभरापासून सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, त्यांचं सगळं माझ्याकडे, रात्री कूस बदलून द्यायला दोनदा उठतेही मीच. पाळी आधी २८-३० दिवसांनी यायची, आता ३६, ४१, ३९, ४४ अशी येते. पण येते. थायरॉइड नॉर्मल. सोनोग्राफीत 'पीसीओडीसारखं' आलं आणि वजन कमी करा म्हणाले; वजन ४८ आहे. ताणाने पाळी बंद होते असं वाचलं होतं. माझी बंद नाही, मग हा ताण नाहीच का? कॉर्टिसॉलची टेस्ट करू का? आम्हाला बाळ हवंय. बीज तयार होतंय की नाही?

उत्तर:

ताणामुळे पाळी पूर्ण बंद पडणं ही शेवटची पायरी. तिथवर जाणाऱ्या बायका तुलनेने थोड्या असतात. माझ्या ओपीडीत येतात त्यातल्या बहुतेक जणी अलीकडच्या पायऱ्यांवर असतात आणि तिथे पाळी लांबते, बंद होत नाही. त्यामुळे 'येते आहे म्हणजे ताण नाही' असं म्हणता येणार नाही. उलट बाजूही लगेच सांगते: 'लांबते आहे म्हणजे ताणच' असंही नाही. तुमच्या बाबतीत कारण कोणतं, हे दोन-तीन गोष्टी कळल्यावर ठरेल. त्यातली पहिली तुम्ही लिहिलेली नाही: वर्षापूर्वी तुमचं वजन किती होतं?

आधी पाळीचा हिशोब मांडू या. पाळीचे दोन भाग असतात. रक्तस्राव सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंतचा पहिला, आणि बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा. दुसरा भाग एकाच बाईत फारसा हलत नाही, बहुतेकींत तो १२ ते १४ दिवसांचा. कारण बीज सुटल्यावर त्या जागी जो पिवळसर पिंड तयार होतो, त्याचं आयुष्यच तेवढं असतं. तो गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देतो, गर्भ राहिला नाही तर विरतो, आणि पाळी येते. पहिला भाग मात्र लवचिक आहे. ३० दिवसांच्या पाळीत तो साधारण १६ दिवसांचा, ४४ दिवसांच्या पाळीत ३० दिवसांचा. चिपळूण डेपोतून गाडी दोन तास उशिरा सुटली, तर कुंभार्ली घाट चढायला लागणारा वेळ वाढत नाही. कराडला ती दोन तास उशिरा पोचते एवढंच. पाळी उशिरा येते तेव्हा बहुधा बीज उशिरा सुटलेलं असतं. तेव्हा पाळीची तारीख बाजूला ठेवू आणि बीज सुटायला उशीर का होतो ते पाहू.

बीज सुटण्याचा हुकूम अंडाशयातून निघत नाही, मेंदूतून निघतो. हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या काही पेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडतात, आणि तेही सलग धारेने नाही, ठोक्याठोक्याने. पाळीच्या पहिल्या भागात साधारण ६० ते ९० मिनिटांनी एक ठोका. प्रत्येक ठोक्याला खालची पिट्युटरी ग्रंथी उत्तर देते आणि अंडाशयाला चालना देणारी एलएच, एफएसएच ही संप्रेरकं रक्तात सोडते. ही लय किती महत्त्वाची आहे ते १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडिणींवर दाखवलं. ज्यांच्या मेंदूतला हा भाग निकामी केला होता, त्यांना जीएनआरएच तासातासाने दिल्यावर पिट्युटरी पुन्हा काम करू लागली. तेच औषध सलग दिलं तर ती गप्प बसली. म्हणजे औषध तेच होतं, सगळा फरक लयीचा. ठोके दूर दूर पडू लागले, की एलएच आधी घसरतो.

आता ताण या लयीत कुठे शिरतो ते बघा. ताण आला की हायपोथॅलॅमसमधल्याच दुसऱ्या पेशी सीआरएच हे संप्रेरक सोडतात, त्याच्या हुकमाने पिट्युटरीतून एसीटीएच येतो आणि मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनवतात. हे दोन-चार तासांचं असेल तर काही बिघडत नाही. पण महिनोन् महिने ही साखळी वारंवार जागी राहिली, तर ती शेजारच्या लयीला आवर घालते. सीआरएच आणि मेंदूतली अफूसारखी काम करणारी द्रव्यं जीएनआरएचचे ठोके विरळ करतात. या ठोक्यांना चालना देणाऱ्या किसपेप्टिन पेशींनाही ताण दाबतो. कॉर्टिसॉल स्वतः तर दोन्हीकडून काम करतं: वरच्या लयीवर, आणि ठोका पोचल्यावर पिट्युटरी किती जोराने उत्तर देते त्यावरही.

याचा परिणाम अंडाशयात कसा दिसतो? बीज ज्या पाण्याच्या बारीक पिशवीत वाढतं ते फॉलिकल. पुढे जाणारं फॉलिकल एरवी रोज दीडेक-दोन मिलिमीटर वाढतं, १८ ते २४ मिलिमीटरला पोचलं की फुटायला तयार असतं. वाढताना ते इस्ट्रोजेन बनवतं. रक्तातलं इस्ट्रोजेन पुरेशा उंचीवर सुमारे दोन दिवस टिकलं, तरच मेंदू एलएचची मोठी लाट सोडतो, आणि त्या लाटेनंतर दीडेक दिवसात बीज सुटतं. ठोके विरळ असतील तर फॉलिकलला पुरेसा एलएच मिळत नाही. ते रेंगाळतं, इस्ट्रोजेन उंबरठ्याच्या अलीकडे घुटमळतं. कधी ते फॉलिकल सुकूनच जातं आणि दुसरं तयार व्हायला घेतं. यात एक आठवडा जातो, दोन जातात. मग एखादा बरा पंधरवडा मिळतो, सासऱ्यांची तब्येत जरा स्थिर असते, झोप होते, लय थोडी सावरते आणि उंबरठा ओलांडला जातो. लाट येते, बीज सुटतं. तिथून १२-१४ दिवसांनी पाळी. पाळी बंद न होता लांबते ती अशी: मेंदूने नकार दिलेला नसतो, निर्णय पुढे ढकललेला असतो.

दुसरा भाग तुलनेने शाबूत का राहतो, यालाही कारण आहे. त्या भागात प्रोजेस्टेरॉनमुळे एलएचचे ठोके एरवीही विरळच असतात, तीन-चार तासांनी एक. पिवळा पिंड त्या मंद लयीवर जगायला सरावलेला असतो. ताण आणखी वाढला तर मात्र तोही नीट पोसला जात नाही, दुसरा भाग दहा दिवसांच्या आत आटोपतो, पाळीआधी चार दिवस ठिपके दिसतात. त्यापुढे बीज सुटणंच थांबतं, आणि अगदी शेवटी पाळी. या पायऱ्यांवर बाई वरखाली होत राहते; एका महिन्यात एका पायरीवर, दुसऱ्यात दुसरीवर.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी बहुतेकींना उलटी वाटते. पाळी उशिरा येण्याला कारणीभूत ताण हा त्या आठवड्यातला नसतो. 'गेल्या सोमवारी ऑडिट होतं म्हणून पाळी पुढे गेली' असं म्हणतात, पण बीज सुटून गेलेलं असेल तर सोमवारच्या ऑडिटने तारीख पुढे जात नाही. उशीर झाला तो तीन-चार आठवड्यांपूर्वी, बीज सुटायच्या आधीच्या दिवसांत. डायरी उघडून त्या दिवसांत काय चाललं होतं ते बघा.

आता एक उदाहरण, ओळख पटणार नाही इतकं बदलून. देवगडकडची एक बाई, वय ३१, घरची आंब्याची बाग. त्या वर्षी त्यांनी शेजारच्या दोन बागा करारावर घेतल्या होत्या, पतपेढीचं कर्ज काढून. नवरा फवारणी आणि गड्यांच्या मागे, आणि आंबा घरी आला की वर्गवारी, पेट्या भरणं, वाशीचा ट्रक निघायच्या आत हिशोब, हे सगळं हिच्याकडे. डिसेंबरपर्यंत पाळी २९-३० दिवसांची. मग ३७, आणि त्यानंतर ४२. मार्चअखेर माझ्याकडे आली. मी ताणाबद्दल विचारलं तर म्हणाली, "माका टेन्शन-बिन्शन काय नाय हां, फक्त येळ गावणा नाय." बहुतेक जणी असंच सांगतात. 'ताण आहे का' या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, म्हणून मी तो विचारणं जवळजवळ सोडून दिलंय. त्याऐवजी विचारते: काल पहिला घास कितीला खाल्लात, शेवटचा कितीला, आणि मध्ये काय? रात्री किती वेळा उठलात? कमरेचा परकर सैल झालाय का?

तिची उत्तरं अशी. सकाळी साडेपाचला चहा, दहाला अर्धी वाटी पोहे, दुपारी जमलं तर भात, मग रात्री अकराला पेज. झोप बारा ते साडेचार. वजन नोव्हेंबरात ५२ किलो होतं, आता ४७. उंची १५७ सेंटिमीटर. तक्त्यात बघितलं तर ४७ अजून 'नॉर्मल'मध्ये बसतं, म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. पण चार महिन्यांत वजनाचा जवळपास दहावा हिस्सा गेला होता. हायपोथॅलॅमसला तक्ता कळत नाही. घरात येणारं अन्न आणि होणारा खर्च यांचा मेळ बसत नाही, एवढं त्याला चरबीतून येणाऱ्या लेप्टिनसारख्या संदेशांतून बरोबर कळतं. ताण आणि उपासमार या दोन गोष्टी पुस्तकात वेगळ्या प्रकरणांत असतात, आमच्याकडे येणाऱ्या बाईत त्या एकत्रच येतात आणि एकमेकींना जोर देतात.

तिच्याकडे आधीचा एक रिपोर्ट होता: २१व्या दिवशी केलेलं प्रोजेस्टेरॉन, ०.४ नॅनोग्रॅम. त्यावर 'बीज तयार होत नाही' असं तिला सांगण्यात आलं होतं. तपासणी चुकीची नव्हती, दिवस चुकीचा होता. २१वा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. ही तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते. ४२ दिवसांच्या पाळीत २१व्या दिवशी बीज सुटलेलंच नसतं, मग प्रोजेस्टेरॉन कुठून येणार? मी तिला रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तापमान लिहायला सांगितलं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे ते साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. तिची पाळी २० मार्चला आली होती. तापमान चढलं १९ एप्रिलला, म्हणजे बीज १८ एप्रिलच्या आसपास, ३०व्या दिवशी सुटलं. सात दिवसांनी, २५ एप्रिलला, रक्त घेतलं: प्रोजेस्टेरॉन ९. तीनच्या वर असलं की बीज सुटलं असं धरतो. पाळी आली २ मे रोजी. पाळी ४३ दिवसांची, त्यात पहिला भाग ३० दिवसांचा आणि दुसरा १३ दिवसांचा. बाई वांझ नव्हती, बीजही होतं, फक्त दोन आठवडे उशिराने.

उपचार म्हणून मी गोळी दिली नाही. सीझन अर्ध्यावर सोड असं सांगण्यात अर्थ नव्हता. दोन गोष्टी मागितल्या: जागेपणी चार तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी राहायचं नाही, त्यासाठी पेट्या भरायच्या जागीच शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी, केळी ठेवायची, आणि रात्रीचा हिशोब नवऱ्याने करायचा, म्हणजे ती साडेदहाला झोपेल. पुढची पाळी ३८ दिवसांची झाली, ९ जूनला आली. तोवर पाऊस लागला होता, आंबा संपला होता. त्यानंतर ३३, मग ३१. वजन ५० वर आलं. मी केलेल्या दोन गोष्टींनी फरक पडला की सीझन संपल्याने, हे एका बाईवरून सांगता येत नाही. दोन्हींचा हात असावा. पण लय परत यायला दोन-तीन पाळ्या लागल्या, लगेचची पाळी ठीक झाली नाही, हे लक्षात ठेवा. असंच सहसा होतं.

आता तुमचा 'पीसीओडीसारखं' हा रिपोर्ट. आजच्या निकषांनुसार पीसीओडी म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण, आणि सोनोग्राफीत खूप लहान फॉलिकल किंवा रक्तात वाढलेलं एएमएच, म्हणजे ही लहान फॉलिकल बनवतात ते संप्रेरक. ३५ दिवसांपेक्षा लांब पाळी अनियमित धरली जाते. म्हणजे तुमच्या कागदावर दोन खुणा झाल्याच. पण त्याच व्याख्येत अट आहे की दुसरी कारणं आधी वगळायची, आणि हायपोथॅलॅमसची मंदावलेली लय हे त्यातलं एक कारण. पुढे न सरकलेली फॉलिकल रांगेत तशीच उभी राहतात आणि सोनोग्राफीत अंडाशय तसंच दिसू शकतं. शिवाय तरुण बायकांत नुसतं असं चित्र दिसणं मुळीच दुर्मीळ नाही.

फरक करायचा तर मी हे बघते. हनुवटीवर, पोटावर राठ केस, हट्टी मुरुमं, वयात आल्यापासूनच लांब पाळ्या, एलएच वाढलेला: हे पीसीओडीकडे झुकतं. पाळी वर्षानुवर्षे चोख, मग घरात काही घडलं आणि त्यानंतर लांबली, केस-मुरुमं नाहीत, वजन घसरलेलं, एलएच खालच्या बाजूला: हे मेंदूकडे बोट दाखवतं. तुम्ही लिहिलेल्या हकिगतीत दुसरं चित्र जास्त दिसतं. दोन्ही एकाच बाईत असू शकतात, म्हणून मी इथून शिक्का मारत नाही. पण ४८ किलोच्या, रात्री रुग्णाला कूस बदलून द्यायला उठणाऱ्या बाईला 'वजन कमी करा' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. कारण मेंदूचं असेल, तर भाकरी-भात सोडून आणि पहाटे चालायला जाऊन पाळी ४४ वरून ६० वर जाईल. वजन वर्षभरात घटलं असेल तर आधी ते भरून काढा.

कॉर्टिसॉलच्या टेस्टवर पैसे घालवू नका. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी असतं. दंडात सुई टोचण्याच्या धास्तीनेही वाढतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटाच फुगतो. तुमच्यासारख्या ताणात सकाळचा आकडा बहुधा नॉर्मलच येईल, आणि मग 'रिपोर्टमध्ये ताण नाही' असं घरात म्हटलं जाईल. लयीला त्रास देतं ते दिवसभरातलं आणि महिनोन् महिन्यांचं थोडं थोडं वाढणं, ते एका नळीत पकडता येत नाही. टेस्ट लागते ती कुशिंग या, कॉर्टिसॉल फार वाढणाऱ्या आजाराची शंका असेल तेव्हा: पोटावर रुंद जांभळट वळ, जरा लागलं की काळंनिळं, मांड्या इतक्या दुबळ्या की पाटावरून उठताना हाताचा आधार लागतो. त्यासाठीही साधं सकाळचं कॉर्टिसॉल पुरत नाही, रात्री उशिराची लाळ, २४ तासांची लघवी किंवा डेक्सामेथासोन देऊन केलेली तपासणी लागते.

त्यापेक्षा या तपासण्या करा: प्रोलॅक्टिन, आणि पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात एफएसएच, एलएच, इस्ट्राडिऑल. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढलेलं असेल तर तेही अगदी अशीच पाळी लांबवतं. एफएसएच २५ च्या वर आलं तर प्रश्न अंडाशयाचा आहे, मेंदूचा नाही, आणि मग वाट वेगळी. थायरॉइड झालंच आहे. तिशीच्या आत आहात, वर्षभर थांबा असं कोणी म्हटलं तरी थांबू नका, तुमची पाळी लांबलेली आहे. मिस्टरांची वीर्यतपासणीही आत्ताच करून घ्या, स्वस्त आणि सोपी आहे.

बाळ हवं आहे म्हणून तारखांकडे येऊ. तुमची सर्वांत लहान पाळी ३६ आणि मोठी ४४. दोन्हींतून १४ वजा करा: बीज २२व्या ते ३०व्या दिवसात कधीतरी सुटत असावं. मोबाइलवरचं अ‍ॅप तुम्हाला १२ ते १६ हे दिवस दाखवत असेल आणि तुम्ही ते पाळत असाल, तर तुमच्या बाबतीत ते दिवस वाया गेले. गर्भ राहू शकतो तो बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, एकूण सहा. मिस्टर दर शनिवार-रविवार येतात. कोणत्याही सलग सहा दिवसांत शनिवार-रविवारपैकी निदान एक दिवस येतोच. म्हणजे १७व्या ते ३०व्या दिवसातला एकही शनिवार-रविवार चुकवला नाहीत तरी पुष्कळ झालं. त्या सहा दिवसांतलेही शेवटचे दोन-तीन दिवस जास्त कामाचे, तेव्हा त्या आठवड्यात एक दिवस रजा मिळाली तर बघा.

बीज सुटण्याचा दिवस ओळखायला तापमानाची पद्धत तुम्हाला कदाचित जमणार नाही. उठायच्या आधी सलग तीनेक तास झोप झालेली लागते, आणि रात्री दोनदा उठणाऱ्या बाईचा तक्ता वरखाली नाचतो. तुम्ही एलएच पट्टी वापरा, १९व्या दिवसापासून रोज एक, दोन्ही रेषा सारख्या गडद होईपर्यंत. सोबत अंगावरून जाणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, बोटांत ताणलं जाणारं पाणी आलं की दिवस जवळ आले. ताणातल्या पाळीत एक फसवी गोष्ट होते: असं पाणी १८व्या दिवशी येतं, दोन दिवसांत जातं, आणि पुन्हा २७व्या दिवशी येतं. पहिलं फॉलिकल सुकलं आणि दुसरं पुढे आलं, असं ते. पहिल्या वेळी गाडी सुटली म्हणून निराश होऊन प्रयत्न सोडू नका. पट्टी गडद आल्यावर आठ दिवसांनी प्रोजेस्टेरॉन करा, म्हणजे बीज सुटलं की नाही याचं उत्तर तुम्हाला अंदाजाने नाही, आकड्याने मिळेल.

दिवस गेल्याची तपासणी करतानाही हेच भान ठेवा. ३५व्या दिवशी एक रेष आली म्हणजे दिवस गेले नाहीत असं होत नाही. बीज २९व्या दिवशी सुटलं असेल तर तेव्हा रेष उमटायला फार लवकर असतं. आठवड्याने पुन्हा करा, आणि तोवर पाळी आणायची गोळी कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. दिवस राहिले तर डॉक्टरांना आपली पाळी लांबते हे पहिल्याच भेटीत सांगा. नाहीतर शेवटच्या पाळीवरून आठवडे मोजले जातात, सोनोग्राफीत गर्भ दोन आठवड्यांनी लहान दिसतो आणि 'वाढ होत नाही' म्हणून घरभर घबराट होते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत मोजलेल्या लांबीवरून तारीख बदलून घेता येते.

ताणाबद्दल तुम्हाला 'टेन्शन घेऊ नका' म्हणणार नाही, सासरे अंथरुणावर आहेत ते उद्या उठणार नाहीत. पण मेंदू जे मोजतो त्यातलं थोडं हलवता येतं. रात्री सासऱ्यांकडे बघण्याचं काम आठवड्यातून दोनदा नणंदेने किंवा पगारी बाईने घ्यावं, म्हणजे त्या दोन रात्री तरी सलग सहा-सात तास झोप. शनिवार-रविवारची रात्र मिस्टरांची. सकाळचं खाणं पतपेढीला निघायच्या आधी, नुसत्या चहावर एक वाजेपर्यंत नाही. बोलून आधार मिळण्याचाही परिणाम होतो, हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही: अमेरिकेत सारा बर्गा यांच्या गटाने २००३ मध्ये ताणाने पाळी पूर्ण बंद झालेल्या १६ जणींवर प्रयोग केला. आठ जणींना २० आठवडे समुपदेशन दिलं, त्यातल्या सहा जणींना पुन्हा बीज सुटू लागलं. नुसतं लक्ष ठेवलेल्या आठांपैकी दोघींचंच अंडाशय पुन्हा कामाला लागलं. संख्या लहान आहे, त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण त्यांची पाळी बंद होती आणि तुमची चालू आहे, म्हणजे तुम्ही त्यांच्यापेक्षा अलीकडच्या पायरीवर आहात. इतकं करूनही तीन-चार महिन्यांत पाळी आखडली नाही, तर लेट्रोझोलसारखी बीज लवकर सुटण्याची गोळी असते. मात्र इस्ट्रोजेन फारच खाली असेल तर ती चालत नाही, म्हणून वरच्या तपासण्या आधी.

गणपतीत पाळी पुढे ढकलायची नॉरेथिस्टेरॉनची गोळी घेणार असाल तर दोन गोष्टी. ती अपेक्षित तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात, आणि तुमची तारीख कोणालाच नक्की ठाऊक नाही. चुकून बीज सुटायच्या आधी सुरू केलीत तर त्या महिन्याचं बीजही जाऊ शकतं. प्रयत्न चालू असताना ती घेऊच नका. घेतलीच तर गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारा रक्तस्राव तुमच्या वहीत पाळी म्हणून लिहू नका, तो गोळीचा आहे.

दोन पाळ्या सलग ४५ दिवसांच्या पुढे गेल्या, किंवा एकदा तीन महिने आलीच नाही, किंवा स्तनांतून दूध, दृष्टीत फरक पडून डोकेदुखी, अंगातून गरम वाफा असं काही वाटलं, तर पुढच्या पाळीची वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना गेल्या बारा महिन्यांच्या तारखा, त्या-त्या वेळचं वजन आणि सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट न्या. त्या रिपोर्टात गर्भाशयाच्या अस्तराची जाडी आणि पाळीचा कितवा दिवस हे लिहिलं आहे का, ते आज बघून इथे कळवा, वजनासकट.